चौकशीची भाषा

"हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री. गुड मॉर्निंग मॅडम. कॅन यू सी मी?"

पडद्याच्या तळाशी इंग्रजी अक्षरं भराभर उमटली. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. हेमलता टेंभुर्णेचा जीव भांड्यात पडला. ती म्हणाली, "येस सर, व्हेरी क्लिअर," आणि तिचं स्वतःचं वाक्यसुद्धा खाली स्वच्छ उमटलं. नगरपरिषदेच्या कचेरीत बसलेल्या भेंडारकर बाबूने अंगठा वर केला, तिनेही केला आणि तपासणी संपली.

आपल्याकडे माइक तपासायचा तो इंग्रजीतच. सत्यनारायणाची पूजा असो, की तहसीलदारांचं भाषण, भोंग्यातून आधी वन टू थ्री आलंच पाहिजे. त्यामुळे ही तपासणी भलत्याच भाषेत झाली, हे त्या दोघांच्याही मनात आलं नाही. भेंडारकरचं सोडा, हेमलताच्या मनात यायला हवं होतं. गरज तिची होती.

हेमलता गावच्या जलशुद्धीकरण केंद्रात एकोणीस वर्षं रसायनतज्ज्ञ होती. एकतिसाव्या वर्षी मोठं दुखणं आलं. औषधांनी जीव वाचवला आणि कान नेले. डाव्या कानात यंत्र घातल्यावर पंपाची घरघर आणि दाराची थाप तेवढी पोचायची, शब्द नाहीत. बोलणं मात्र शाबूत होतं, म्हणून नवख्या माणसाला तिचं बहिरेपण पटकन कळत नसे. केंद्रावर सगळे तिच्याशी कागदावर किंवा मोबाइलवर लिहूनच बोलत. निदान तसं ठरलं होतं.

आजची चौकशी मंगळवारच्या पाण्याची. बाजार वॉर्डात गढूळ पाणी गेलं, साठेक माणसं उलट्या-जुलाबाने दवाखान्यात पडली. जिल्ह्याच्या ठिकाणाहून उईके साहेब चौकशी अधिकारी म्हणून नेमले गेले. कनिष्ठ अभियंता बिसेन यांनी लेखी दिलं होतं, की टेंभुर्णे बाईंना विचारूनच मी वॉल्व उघडला, त्यांनी हो म्हटलं. हे खरं ठरलं तर हेमलताचं निलंबन ठरलेलं. आणि निलंबनानंतर बहिऱ्या बाईला कोण परत प्रयोगशाळेत बसवतो? नोकरीची नऊ वर्षं बाकी होती.

म्हणून तिने दोन दिवस आधी अर्ज दिला: सुनावणी ऑनलाइन आहे, तर कॅप्शन सुरू ठेवावेत, म्हणजे मला वाचता येईल. अर्ज मंजूर झाला. वर उईके साहेबांनी सांगितलं, की सगळं बोलणं लेखी नोंदीतही येऊ द्या, म्हणजे नंतर कोणी कानावर हात ठेवायला नको.

अकरा वाजता सुनावणी सुरू झाली. प्रयोगशाळेत ती एकटी होती. शेजारी तुरटीच्या चाचणीच्या सहा काचपात्रांत कालव्याचं पाणी हळूहळू निवळत होतं. पडद्यावर चार चौकटी: ती, भेंडारकर, बिसेन आणि उईके साहेब. उईके साहेबांना भरघोस मिशा होत्या आणि त्यांच्या चौकटीतलं चित्र वाफ धरलेल्या काचेसारखं अंधूक दिसत होतं. ओठ वाचायची सोयच नव्हती.

साहेबांनी हात जोडले, समोरची फाइल उघडली आणि बोलायला लागले. खाली अक्षरं उमटली.

इंग्रजी अक्षरं. तिने वाचली. "मँगल वरी टू मी पोनी सोल्ड द कार."

तिने पुन्हा वाचलं. पोनी म्हणजे शिंगरू. शिंगराने गाडी विकली? तोवर ती ओळ वर सरकली आणि दुसरी आली. तिच्यात कोणी जॉन होता आणि एक गाजर होतं. साहेबांचे ओठ थांबले. ते तिच्याकडे बघत होते. चेहरा सौम्य होता, भुवया थोड्या वर. काहीतरी विचारलं होतं हे नक्की.

आणि हेमलताने मान डोलावली. वर म्हणाली, "हो."

तिच्या हातातलं नव्हतंच ते. समोरच्याने विचारलं आणि कळलं नाही, की तिची मान आपोआप हलायची. पुन्हा विचारलं की लोक ओरडतात, तोंड वेडंवाकडं करतात, आणि तिसऱ्यांदा विचारलं की "जाऊ द्या" म्हणतात. त्या "जाऊ द्या"ची तिला इतकी चीड होती, की त्यापेक्षा हो म्हणून मोकळं होणं बरं वाटायचं. बहुतेक वेळा चहा घेणार का, एवढंच विचारलेलं असायचं.

पण आज चहाचं नव्हतं. उईके साहेबांनी पेन उचलून काहीतरी लिहिलं. बिसेनच्या चौकटीत बिसेन खुर्चीत मागे टेकला, अगदी सैल होऊन. भेंडारकरचं तोंड मात्र उघडंच राहिलं होतं.

साहेबांचा दुसरा प्रश्न सुरू झाला. खाली पुन्हा तीच इंग्रजी खिचडी. तिने धावपळ करत कॅप्शनची सेटिंग उघडली. तिथे एक ओळ होती, कॅप्शन कोणत्या भाषेत दाखवायचे त्याची, म्हणजे भाषांतराची. ती बदलून काय होणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! खाली दुसरी ओळ होती: बोलली जाणारी भाषा. पुढे लिहिलं होतं, इंग्रजी. तिने तिच्यावर टिचकी मारली. ओळ करडी, हलेना. ती बदलायचा अधिकार सभा भरवणाऱ्याला, म्हणजे भेंडारकरला.

यंत्र बिचारं सकाळपासून इंग्रजीच ऐकायला बसलं होतं. सकाळी दोघांनी त्याच्याशी इंग्रजी झाडली, तेव्हा ते हुशार दिसलं. आता लोक मराठी बोलत होते आणि ते त्यातून इंग्रजी शब्द शोधत होतं.

तिने टेबलाखाली मोबाइल धरून भेंडारकरला लिहिलं: बोलण्याची भाषा इंग्रजी आहे, मराठी करा, लवकर. एकच खूण उमटली. बाबूने शिस्त म्हणून मोबाइल बंद ठेवला होता. एरवी दिवसभर त्यातच डोकं घालून बसणारा माणूस!

आता सगळ्यांसमोर सांगायचं, एवढाच मार्ग उरला. आणि तिथेच तिचं घोडं अडलं. बिसेनने लेखी आणखी काय दिलं होतं? बाईंना ऐकू येत नाही, अशा माणसाला जबाबदारीच्या जागी ठेवू नये. आता सुनावणीत तिनेच हात वर करून सांगायचं, मला काही कळलं नाही? म्हणजे आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा. आणि आधीचं "हो"? ते का म्हणालात, असं विचारलं तर काय सांगायचं?

साहेबांचे ओठ पुन्हा थांबले. पुन्हा त्या वर गेलेल्या भुवया. तिची मान हलायला लागली. तिला ते जाणवलं, आणि तिने चक्क हनुवटी हाताने धरली.

"साहेब, थांबा," ती म्हणाली. आवाज किती मोठा निघाला ते तिला कळत नव्हतं, पण भेंडारकर दचकला. "तुम्ही काय विचारून राहिले, मले काही समजलं नाही. पहिलंही नाही समजलं. कॅप्शन इंग्रजीत चालू आहेत आणि बोलणं मराठीत. भेंडारकरजी, बोलण्याची भाषा बदला."

मग सगळेच बोलायला लागले. खाली गाजरं, गाड्या आणि देवदूतांचा पाऊस पडला. बिसेन हसत होता. भेंडारकर छातीवर हात ठेवून काहीतरी शपथेवर सांगत होता, आणि काय सांगत असेल ते तिला कॅप्शनशिवायही कळलं: सकाळी मी स्वतः तपासलं होतं, एकदम ओके होतं. उईके साहेब कपाळ चोळत होते.

तिने चॅटच्या खिडकीत टाइप केलं: सकाळी आपण इंग्रजीत बोललो होतो. म्हणून बरोबर आलं.

भेंडारकरने ते वाचलं. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मग तो मान खाली घालून माउस फिरवायला लागला. क्षणभराने पडद्यावर देवनागरी अक्षरं उमटली आणि हेमलताने सुटकेचा निःश्वास टाकला. आपली लिपी बघून माणसाला माहेरचं कोणी भेटल्यासारखं होतं.

साहेबांनी प्रश्न पुन्हा विचारला. ओळ आली. अक्षरं ओळखीची, शब्दही ओळखीचे वाटत होते. पाणी होतं, मंगलवार होता. बाकी वाक्य कुठूनही कुठेही जात होतं. पण एकंदरीत पाण्याबद्दल काहीतरी आहे, एवढं अंदाजाने कळत होतं, आणि तेच जास्त वाईट होतं. इंग्रजी खिचडी निदान उघड वेडगळ होती. हिच्यावर माणूस विश्वास ठेवील आणि फसेल.

"साहेब," ती म्हणाली, "उत्तर द्यायच्या आधी, मले जे दिसून राहिलं ते मी वाचून दाखवतो. तुम्ही तसंच बोलले का, सांगा."

तिने ओळ जशीच्या तशी वाचली. वाचता वाचताच साहेबांनी हात हलवून थांबवलं. नंतर ते भेंडारकरकडे वळून बोलले, भेंडारकर उत्तरला, आणि हिंदी वळणाच्या त्या अक्षरांतून तिला एक शब्द नीट मिळाला: हिंदी.

"हिंदी लावली काय तुम्ही?" तिने थेट विचारलं. "नाही जी, लिपी एक असली म्हणून भाषा एक होते काय? यादी खाली सरकवा. मराठी असन तर असन, नसन तर सुनावणी लेखी घ्या. पण हे नको."

भेंडारकर यादी सरकवत राहिला. ते अर्धं मिनिट हेमलताला जन्मभर पुरलं. नसली तर? तारीख पुढे जाईल, तोवर तिचं ते पहिलं "हो" फाइलमध्ये बसून राहील, आणि पुढच्या तारखेला साहेब म्हणतील, बाई, त्या दिवशी तर तुम्ही कबूल केलं होतं. काचपात्रांतला गाळ खाली बसत होता. तिने तिकडे पाहिलंही नाही.

मग पडद्यावर आलं:

"मराठी लागली साहेब. खाली एम अक्षरात होती. झालं. ताई, दिसून राहिलं काय?"

तिने ते मोठ्याने वाचलं, शब्दन् शब्द. भेंडारकरने दोन्ही हात वर केले. ही बदललेली भाषा एकट्या तिच्यापुरती नव्हती, सगळ्या सभेला लागू झाली होती. बिसेनही आपल्या पडद्यावर वाकून बघत होता.

"हॅलो टेस्टिंग नको," उईके साहेबांच्या नावापुढे उमटलं. "प्रत्येकाने कामाचं एक वाक्य बोलावं. बाई वाचून दाखवतील. मग पुढे."

साहेबांचं वाक्य बरोबर आलं. भेंडारकरचं जवळजवळ बरोबर आलं. घाईने बोललं की शेवट गळत होता, म्हणून साहेबांनी त्याला दम घेऊन बोलायला सांगितलं. बिसेनचं आलं तेव्हा पुन्हा घोटाळा.

"बिसेन साहेब हिंदीत बोलले," हेमलता म्हणाली. "आता मराठी लावली आहे. एका वेळी एकच ऐकते ते."

"मी घरी हिंदीच बोलतो," बिसेनचं वाक्य आलं, या खेपेला मराठीत. "इतकं कोण लक्षात ठेवील?"

"हिंदीत बोलायचं असेल तर आधी सांगा, भेंडारकर भाषा बदलतील, मग बोला," साहेब म्हणाले. "मधेच उडी नको. बोला आता, मंगळवारी काय झालं?"

बिसेन मराठीतच बोलला, आणि सावकाश बोलला. तिने वाचलं.

"साहेब, पहाटेपासून नगरसेवकांचे फोन सुरू होते. दोन दिवस नळ कोरडे होते. पावणेसहाला मी केंद्रावर गेलो. पंप चालू होता. बाई पंपाजवळ उभ्या होत्या. मी विचारलं, बाजार वॉर्डाचं पाणी सोडू का? त्यांनी मान हलवली. मी सोडलं. यात माझं काय चुकलं? आणि आता त्या म्हणतात ऐकू आलं नाही. साहेब, हेच तर मी म्हणून राहिलो. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांनी तिथे कशाला उभं राहावं?"

तो खोटं बोलत नव्हता. हेमलताला ते दिसलं: पंपाची घरघर, क्लोरिनच्या वासाने नाकातोंडावर रुमाल बांधलेला बिसेन, त्याच्या वर गेलेल्या भुवया. तिला वाटलं होतं, तो विचारतोय रात्रपाळीचा माणूस गेला का. तिने मान हलवली होती. इतके दिवस ती हे स्वतःपासून लपवत होती. साठ माणसं आजारी पडली, त्यात दुसरीत जाणारी तिच्या शेजारची पोर होती.

"टेंभुर्णे बाई," साहेबांची ओळ आली, "तुम्ही मान हलवली होती का? हो की नाही?"

नाही म्हटलं असतं तर कोण खोडणार होतं? पंपाजवळ तिसरं कोणी नव्हतं.

"भेंडारकरजी," ती म्हणाली, "आजच्या सुनावणीची लेखी नोंद उघडा. अगदी सुरुवातीची. साहेबांना दाखवा."

"ताई, तिचा काही उपयोग नाही. भाषा आता बदलली, पण जुनं बदलत नाही. जसं लिहिलं गेलं तसंच राहते."

"तेच पाहिजे मले."

भेंडारकरने नोंद उघडून सगळ्यांच्या पडद्यावर लावली. वर साहेबांचं नाव, त्यापुढे शिंगराने विकलेली गाडी. त्याखाली जॉन आणि गाजर. त्याखाली हेमलता टेंभुर्णे, आणि एकच शब्द, इंग्रजी अक्षरांत: हो.

उईके साहेबांनी पडद्याजवळ वाकून ते वाचलं.

"मी विचारलं होतं," त्यांची ओळ आली, "मंगळवारी तुम्ही पाणी सोडलं का, म्हणजे सोडायची परवानगी दिली का. तुम्हाला हे असं दिसत होतं?"

"हो जी."

"आणि यावर तुम्ही हो म्हणाल्या?"

"म्हणालो," हेमलता म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण तिने पुसले नाहीत, कारण पुसले असते तर खालची ओळ चुकली असती. "नाही समजलं की मी हो म्हणतो, साहेब. अठरा वर्षं झाली. समोरच्याने चिडू नये म्हणून. मंगळवारीही तेच झालं. बिसेन साहेब खरं बोलून राहिले, मी मान हलवली. ते माझं चुकलं, लिहून घ्या. पण साडेपाचला मी गाळलेल्या पाण्याची गढूळता मोजली होती. अठरा आली. पाचच्या वर गेली की गावाला पाणी सोडत नाहीत, हे त्यांनाही माहीत आहे. मी रजिस्टरात लिहिलं, पाणी सोडू नये, खाली सही केली. रजिस्टर पंपाच्या खोलीत, दारातच आहे. माझ्याशी लिहून बोलायचं, हाही तिथलाच नियम आहे."



मग साहेबांची ओळ आली. "बिसेन, वॉल्व उघडण्याआधी तुम्ही रजिस्टर पाहिलं होतं?"

बिसेनने मान डोलावली. मग थांबली ती मान. त्याने पडद्यावरच्या त्या "हो"कडे पाहिलं, आणि साहेब काही म्हणायच्या आत त्याची ओळ उमटली.

"नाही साहेब. घाई होती. नाही पाहिलं."

साहेबांनी लिहून घेतलं. पुष्कळ वेळ लिहीत होते. नंतर एकेक वाक्य सुटं करून ते बोलले, आणि सगळी वाक्यं नीट आली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर धरलं जाणार नाही, ते का धरलं नाही हेही नोंदीत राहील. मान हलवल्याची बाईंची कबुली राहील. रजिस्टर आजच जप्त करून साहेबांकडे पाठवायचं. अहवाल येईपर्यंत कोणालाही निलंबित करायचं नाही. टेंभुर्णे बाई प्रयोगशाळेतच काम करतील, आणि यापुढे पाणी सोडायची परवानगी त्यांच्या सहीशिवाय, नुसत्या मानेवर, कोणी घ्यायची नाही.

"समजलं का, बाई?"

ओळ पडद्यावर थरथरत थांबली. हेमलताची मान हलायला निघाली, अगदी सवयीने. तिने ती धरली.

"थांबा, वाचून दाखवतो," ती म्हणाली. पहिल्या वाक्यापासून शेवटापर्यंत तिने सगळं मोठ्याने वाचलं. बिसेन ऐकत होता, भेंडारकर ऐकत होता, आणि साहेब प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. वाचून झाल्यावर तिने पाण्याचा एक घोट घेतला.

"हो," ती म्हणाली. "आता समजलं."